एसीच्या स्टार लेबलचा फोटो ते तक्ता: आकडे बरोबर वाचले की नाही हे लेबलच सांगतं

बीईईच्या स्टार लेबलचे फोटो टाकायचे आणि समोर तारे, वर्षाचे युनिट आणि मॉडेल असा तक्ता मिळवायचा, या उद्योगात एसीपुरतं काम आता भरवशाचं झालं आहे. फ्रीज अजून अर्धवट आहे, त्याबद्दल शेवटी.

फोटो सरळ करण्याचा भाग लवकर उरकतो. लेबलची बाहेरची चौकट ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीने शोधायची, चार कोपरे मिळाले की `cv2.getPerspectiveTransform` आणि `cv2.warpPerspective` वापरून ते ठरावीक मापाच्या आयतात बसवायचं. त्यामुळे फोटो समोरून काढण्याचा अट्टहास सोडता येतो, आणि सोडावाच. स्टिकर चकचकीत असतो. समोरून काढला की दिव्याची तिरीप नेमकी आकड्यांवर येते, आणि धुऊन निघालेला आकडा कुठल्याच फिल्टरने परत येत नाही. थोडं बाजूला उभं राहून, फ्लॅश बंद ठेवून काढलेला वाकडा फोटो केव्हाही बरा. वाकडेपणा गणिताने जातो, चकाकी जात नाही.

चौकट सरळ झाली की युनिटचा आकडा, आयएसईईआर म्हणजे हंगामी कार्यक्षमतेचा आकडा आणि पूर्ण भाराची कूलिंग क्षमता कुठे आहे हे प्रमाणावरून कळतं. तेवढेच तुकडे कापून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे ओसीआरला, एकेक द्यायचे. पूर्ण लेबल एकदम दिलं तर तो घोषवाक्य, बोधचिन्ह आणि आकडे यांची खिचडी करतो. तुकड्यातले अंक साधारण तीसेक पिक्सेल उंच होतील इतके मोठे करून घ्यायचे आणि हे चालवायचं:

```
tesseract units.png - --psm 7 -c tessedit_char_whitelist=0123456789.
```

इथे खरी अडचण सुरू होते. अक्षरांची यादी आकड्यांपुरती आवळली की कचरा दिसेनासा होतो, पण चूक दिसेनाशी होणं वेगळं आणि नाहीशी होणं वेगळं. आधी `B50.27` असं काही आलं असतं तर डोळ्यांना खटकलं असतं. आता त्याजागी `350.27` येतं आणि ते अगदी सभ्य दिसतं. टेसरॅक्ट स्वतःच्या वाचनाला देतो त्या विश्वासाच्या टक्केवारीवरही मी विसंबत नाही. चुकीचा आकडाही तो छातीठोकपणे सांगतो.

सुदैवाने एसीच्या लेबलवर तीन आकडे असे आहेत की ते एकमेकांना बांधलेले असतात. आयएसईईआर म्हणजे हंगामभरात खोलीतून काढलेली उष्णता भागिले त्यासाठी लागलेली वीज. हंगाम सगळ्यांना एकच धरलेला आहे: 24 ते 43 अंश सेल्सिअस बाहेरचं तापमान आणि वर्षाला 1600 तास. प्रत्येक तापमानाला किती भार धरायचा हे यंत्राच्या क्षमतेच्या प्रमाणात ठरतं. म्हणून वर्षाचे युनिट गुणिले आयएसईईआर केलं की हंगामाचा एकूण भार येतो, आणि त्याला किलोवॅटमधल्या क्षमतेने भागलं की जवळपास एकच संख्या मिळते. कुठल्याही ब्रँडचा स्प्लिट एसी घ्या, ती 775 च्या आसपास राहते. इन्व्हर्टर चांगला असो वा सुमार, त्याचा परिणाम आयएसईईआर आणि युनिट या दोन्हींवर उलटसुलट होतो, गुणाकार हलत नाही.

```python
k = units * iseer / (watts / 1000)
ok = 760 <= k <= 790
```

एक उदाहरण पाहू. क्षमता 5050 वॅट, आयएसईईआर 4.60, युनिट 350.27 असं वाचन आलं. 350.27 गुणिले 4.60 म्हणजे 1611, भागिले 5.05 म्हणजे 319. गडबड आहे हे उघड. आता नेहमी एकमेकांत मिसळणारे अंक एकेक करून बदलून पाहायचे: 3 आणि 8, 1 आणि 7, 5 आणि 6. पहिल्या 3 चा 8 केला की 850.27 होतात आणि भागाकार 774.5 येतो. एकाच बदलाने जुळत असेल तरच तो स्वीकारायचा आणि ओळीवर खूण करायची. दोन वेगवेगळे बदल जुळले तर फोटो उघडून डोळ्यांनी बघायचं, तिथे हुशारी नको. दशांशचिन्ह गळून 85027 झालं असेल तर भागाकार शंभरपट येतो, ते तर लगेच पकडलं जातं.

या चाळणीतून काय निसटतं? 850.27 ऐवजी 856.27 वाचलं तर भागाकार 780 येतो आणि ओळ पास होते. मला ते चालतं. वर्षाला सहा युनिटांच्या फरकावर कुणी एसी निवडत नाही. 850 चे 810 झाले तर मात्र 738 येऊन ओळ अडते.

आता तारे. ते मोजायला ओसीआर लागत नाही. सरळ केलेल्या चित्रात पाचही ताऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात, प्रत्येकाच्या मधोमध रंगाची गडदता बघायची आणि भरलेले किती ते मोजायचं. फोटोगणिक उजेड बदलतो, म्हणून ठरावीक मर्यादा लावण्यापेक्षा त्याच चित्रातल्या ताऱ्यांची आपसात तुलना केलेली बरी. पाचही भरलेले असतील तेव्हा आपसात फरकच सापडत नाही, तेवढ्यासाठी लेबलच्या कोऱ्या भागाचा एक नमुना सोबत घ्यावा लागतो.

पण तारे बरोबर मोजले तरी त्यांचा रकाना एकटा ठेवण्यात अर्थ नाही. 1 जुलै 2022 पासून स्प्लिट एसीचा तक्ता एका पायरीने कडक झाला. त्याआधी, 2018 पासूनच्या तक्त्यात, आयएसईईआर 4.50 ला पाच तारे मिळत होते. 2022 च्या तक्त्यात पाचासाठी 5.00 लागत होते आणि 4.40 ते 4.99 ला चार मिळत होते. म्हणून लेबलवर छापलेला कालावधी वाचणं मी सक्तीचं केलं आहे. कालावधी आणि आयएसईईआर मिळाला की तारे किती असायला हवेत हे आपल्याला आधीच माहीत असतं, आणि मोजलेले तारे ही दुसरी पडताळणी ठरते. कालावधी वाचता आला नाही तर तो रकाना रिकामा, आणि ती ओळ तुलनेतून बाहेर.

तक्ता असा दिसतो. आकडे नमुन्याचे आहेत:

```
file,period,stars,watts,iseer,units,k,fixed
a1.jpg,2022,4,5050,4.60,850.27,774.5,yes
a2.jpg,2022,3,4750,3.90,942.10,773.5,no
a3.jpg,2018,5,5200,4.60,875.10,774.1,no
```

पहिली आणि तिसरी ओळ बघा. 2018 च्या तक्त्यातला पाच तारेवाला आणि 2022 च्या तक्त्यातला चार तारेवाला, दोघांची कार्यक्षमता तंतोतंत सारखी. युनिटमधला पंचवीसचा फरक निव्वळ क्षमतेचा आहे. ताऱ्यांवरून क्रम लावला असता तर तिसरा उगाच वर गेला असता, युनिटांवरून लावला असता तर पहिला. त्यामुळे मी क्रम आयएसईईआरवर लावतो आणि युनिटांची तुलना फक्त जवळपास सारख्या क्षमतेच्या ओळींत करतो. शिवाय ते युनिट 1600 तासांचे आहेत. वर्षातून कमी वेळ एसी लावणाऱ्याचं बिल त्या आकड्यापेक्षा कमी येईल, जास्त लावणाऱ्याचं जास्त. तक्त्यात तास बदलण्याची सोय मी मुद्दाम दिलेली नाही, कारण तापमानाची वाटणीही सोबत बदलते आणि नुसता त्रैराशिकाचा हिशेब फसवा ठरतो.

फ्रीजची गोष्ट इथेच अडली आहे. त्याच्या लेबलवर लिटर आणि वर्षाचे युनिट असतात, पण आयएसईईआरसारखा तिसरा दुवा नाही, त्यामुळे गुणाकाराची पडताळणी नाही. ताऱ्यांवरून युनिटांचा पट्टा काढता येतो, पण त्यासाठी फ्रॉस्ट फ्री की डायरेक्ट कूल, कालावधी कुठला आणि फ्रीझरचा भाग किती हे सगळं हाती असावं लागतं. सध्या फ्रीजच्या युनिटांचा तुकडा तीन वेगवेगळ्या आकारांना मोठा करून तीनदा वाचतो, आणि तिन्ही वाचनं जुळली नाहीत तर फोटो बाजूला ठेवतो.