31 मेच्या आत चपलांचं दुकान रिकामं करताना

सांगलीत हरभट रोडवरच्या आमच्या दुकानाची जागा 31 मेला मालकाला द्यायची हे फेब्रुवारीतच ठरलं होतं. दुसरी जागा घ्यायची नव्हती, म्हणजे उरलेला माल ठेवायचा कुठे हा प्रश्नच नव्हता, तो एकगठ्ठा उचलणाऱ्या लॉटवाल्याकडे जाणार. म्हणून सूट किती द्यायची हे ठरवायच्या आधी मी त्यालाच भाव विचारला. मिरजेचा तो गृहस्थ सरळ म्हणाला, "खरेदीच्या रुपयाला चार आणे. साईज काहीही असू दे."

त्या चार आण्यांवर पुढचा हिशोब बसवला. एक साधी लेडीज सँडल घ्या. खरेदी 400, छापील किंमत 799. तीस टक्के सूट दिली की गिऱ्हाईक 559 देतं आणि त्यातला पाच टक्के जीएसटी वजा जाता आपल्या हाती 532 राहतात. निम्म्या किमतीत दिली तर 380, म्हणजे खरेदीला वीस रुपये खोट. सत्तर टक्क्यांना 228. ऐकायला जिवावर येतं, पण त्याच जोडाचे लॉटवाला 100 देणार. तेव्हा हात आखडायचा तो सुरुवातीला. शेवटच्या आठवड्यात सत्तर टक्क्यांना गेलेला जोडही आपल्या खरेदीतले निम्म्याहून जास्त वाचवतो. पहिल्याच दिवशी 'सरसकट 50 टक्के'चा बोर्ड लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं. चांगला माल तर वीस टक्क्यांनाही जातोच की.

मोजदाद मात्र कंपनीप्रमाणे न करता साईजप्रमाणे केली. चपलांच्या धंद्यात माल संपत नाही, साईज तुटते. जेन्ट्समध्ये 7, 8, 9 आणि लेडीजमध्ये 5, 6 भराभर जातात. मागे राहतात जेन्ट्सचे 6 आणि 10, लेडीजचे 4 आणि 8. त्या टोकाच्या साईजना पहिल्यापासूनच जास्त सूट ठेवली. मे उजाडताच रॅकही बदलले. एका रॅकवर एकच साईज, वर मोठ्या अक्षरात आकडा. "हे आहे, पण सातमध्ये नाही" हे वाक्यच दुकानातून गेलं. आपल्या मापाच्या रॅकपुढे उभी राहिलेली बाई एकाऐवजी दोन जोड उचलते, हे आमच्याकडच्या जुन्या मामांनी आधीच सांगितलं होतं.

शाळेचे बूट आणि पावसाळी चपला हा वेगळाच गुंता होता. शाळा उघडणार जूनच्या मध्यावर, पाऊसही जूनचा. आमच्या सेलमध्ये त्यांना कोण विचारणार? पण गिऱ्हाइकाचा हंगाम जूनचा असला तरी दुकानदाराचा मेचाच असतो. तासगाव, विट्याकडचे दुकानदार तेव्हा हाच माल भरत असतात. त्यांना तो खरेदीच्या भावात दिला. न फोडलेली कार्टन वितरकाने क्रेडिट नोटवर परत घेतली.

सूट कधी वाढवायची याला एकच कसोटी ठेवली: उरलेले जोड भागिले उरलेले दिवस. दोन आठवडे हातात असताना 420 जोड होते, म्हणजे रोज 30 जायला हवेत. जात होते 18. मग सगळ्यावर सूट वाढवली का? नाही. जेन्ट्सच्या 8 आणि 9चे रॅक आपापल्या गतीने रिकामे होतच होते. ज्या रॅकवर हालचाल नव्हती तेवढेच साठ टक्क्यांवर नेले, सत्तर टक्के शेवटच्या चार दिवसांसाठी राखले.

एक माल मात्र सेलमध्ये येऊच दिला नाही. जुने पीयू सोलचे बूट खोक्यात पडल्या पडल्या दमटपणाने कुजतात. वरून कोरे करकरीत दिसतात, पण सोल दुमडून अंगठा दाबला की बारीक भेगा पडतात, कधी चुरा हातात येतो. असा बूट विकला तर गिऱ्हाईक आठवड्यात परत येतं, आणि तेव्हा आपण तिथे नसतो. दोन गोण्या भरतील एवढे जोड बाजूला काढून त्यांची यादी केली.

यादी जीएसटीसाठीही लागली. माल तोट्यात विकला तरी त्याच्या खरेदीवरच्या जीएसटीचं घेतलेलं इनपुट क्रेडिट परत भरावं लागत नाही, पण फेकून दिलेल्या मालावर भरावं लागतं, आणि नोंदणी रद्द करताना शिल्लक दिसणाऱ्या मालावरही. लॉटवाला "बिल कशाला, रोख घ्या" म्हणत होता. बिल केलं नसतं तर तो सगळा माल कागदावर माझ्याच दुकानात राहिला असता. त्याच्या नावाने बिल फाडलं, तेव्हाच टेम्पो भरू दिला. नोंदणी रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत GSTR-10 हे शेवटचं विवरणपत्र भरायचं असतं. ही बिलं आणि ती यादी त्यासाठी सीएंकडे दिली.