छोट्या हत्तीमागची भिंत

मालिकेची गोष्ट १९७५ सालची, आणि गिरगावातल्या चाळीसमोर उभा एक पांढरा छोटा हत्ती. हा टेम्पो बाजारात आला २००५ मध्ये. मालक गावाला गेलेला, चावी कुणाकडे नाही, वर ढग भरून आलेले. उजेड जायच्या आत शॉट उरकणं भाग होतं, म्हणून टेम्पोसकटच घेतला. त्या शॉटचं मूळ चित्रण, म्हणजे प्लेट, अंधेरीला आमच्या स्टुडिओत आली ती निरोपासह: "टेम्पो तेवढा काढायचाय. संध्याकाळपर्यंत होईल ना?"

असं वाटणं स्वाभाविक होतं. ऑप्टिकल फ्लो म्हणजे एका फ्रेममधला प्रत्येक पिक्सेल पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकला, याचा नकाशा. रस्त्यावरून धावणारी गाडी पुसायची असेल तर तो फार उपयोगी पडतो. आत्ता गाडीआड असलेली भिंत क्षणापूर्वी उघडी होती. नकाशाचा माग काढत त्या फ्रेमपर्यंत जायचं, तिथला रंग उचलायचा आणि गाडीच्या आकाराचा मास्क कापून पडलेल्या भोकात भरायचा. निर्मितीकडच्या मंडळींनी असे शॉट झटपट झालेले पाहिले होते.

आमचा टेम्पो मात्र जागेवर उभा होता, आणि कॅमेराही ट्रायपॉडवर जागच्या जागी डावीकडून उजवीकडे वळत होता. कॅमेरा नुसता वळतो तेव्हा जवळची आणि लांबची वस्तू एकमेकींच्या मागून डोकावत नाहीत. टेम्पो पहिल्या फ्रेममध्ये मागच्या बंद दुकानाची जी फळी झाकतो, तीच शेवटच्या फ्रेममध्येही झाकतो. माग काढत कितीही फ्रेम मागे गेलं तरी तिथे टेम्पोच भेटतो. एका सहकाऱ्याने आपोआप भरणारं टूल चालवून पाहिलं होतं. एकेक फ्रेम थांबवून पाहिली तर भिंतीसारखं काहीतरी दिसायचं, पण शॉट चालवला की दुकानाच्या फळ्या विरघळल्यासारख्या हलायच्या.

मी सुपरवायझरांना म्हटलं, "सर, मागचं काही उघडंच पडत नाहीये."

"अगं, ट्रायपॉडच्या डोक्यावर कॅमेरा अगदी नेमक्या बिंदूभोवती थोडाच वळतो? थोडं तरी सरकलं असेल. बघ."

त्यांचं बरोबर होतं. हे तपासायला लोक टेम्पोवरच्या आणि भिंतीवरच्या बिंदूंमधलं अंतर मोजतात. त्याने फसगत होते, कारण चौकटीच्या कडेला चित्र मुळातच ताणलं जातं. त्यापेक्षा टेम्पोच्या बाजूच्या आरशाची कड धरावी आणि तिच्या मागून काय डोकावतं ते पाहावं. सुरुवातीला त्या कडेला टेकलेली फळ्यांची फट शेवटी किंचित सुटी झाली होती. म्हणजे लेन्स थोडी सरकली होती.

किती, ते कागदावर काढलं. लेन्सचा दृष्टिबिंदू ट्रायपॉडच्या आसापासून साधारण १२ सेंटीमीटर पुढे आणि पॅन, म्हणजे कॅमेऱ्याचं ते वळणं, ४० अंशांचा धरला, तर लेन्स आडवी जेमतेम ८ सेंटीमीटर सरकते. टेम्पो कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर, भिंत ८ मीटरवर. ८ ला मधल्या २ मीटरने गुणून ६ ने भागलं की भिंतीची उघडी पडणारी पट्टी निघते: पावणेतीन सेंटीमीटरच्या आत. टेम्पोची लांबी साडेतीन मीटरच्या वर. संध्याकाळपर्यंत होणार नाही, हे मला तिथेच कळलं, आणि मी तसं स्पष्ट कळवलं. अशा वेळी "बघू, प्रयत्न करते" म्हणणं मला चुकीचं वाटतं. समोरचा माणूस त्यावर पुढचं वेळापत्रक बांधतो.

भिंत शॉटमध्ये नव्हतीच, तर ती बाहेरून आणायला हवी. कलाविभागाने रेकीच्या वेळी फोनवर काढलेले फोटो मागवले. एकात तीच जागा मोकळी सापडली: जोतं, दोन पायऱ्या, बंद दुकानाच्या उभ्या फळ्या, कोपऱ्यात पावसाचा पाइप. पण तो फोटो कडक उन्हातला, आणि शॉट ढगाळ. म्हणून त्यातून मी फक्त रचना घेतली, म्हणजे फळ्या किती, फट कुठे, पायरी कुठे संपते एवढंच. लाकडाचा पोत आणि रंग शॉटमध्येच शेजारी दिसणाऱ्या फळ्यांवरून उचलला. हे सगळं पॅनच्या मधल्या एकाच फ्रेमवर रंगवलं. मधली फ्रेम अशासाठी की फ्लोची चूक दर फ्रेमला साठत जाते. मधून दोन्हीकडे गेलं की कोणत्याही टोकाचं अंतर निम्मंच राहतं.

आता फ्लोचं खरं काम सुरू झालं: रंगवलेली भिंत बाकीच्या फ्रेममध्ये वाहून न्यायची. इथे एक मोह होतो. नुसत्या वळणाऱ्या कॅमेऱ्यात टेम्पो आणि भिंत जवळपास सारखेच सरकतात, मग टेम्पोचाच फ्लो वापरून भिंत का नेऊ नये? नेऊन पाहिली. फळ्या हळूहळू पायरीवरून घसरत गेल्या. लेन्स २४ मिलिमीटरची, चित्र १९२० पिक्सेल रुंद; तेवढ्यात ती पावणेतीन सेंटीमीटरची पट्टी म्हणजे सुमारे ६ पिक्सेल. भिंत उघडी पाडायला अगदीच अपुरी, पण डोळ्याला खुपायला भरपूर. शिवाय टेम्पोच्या काचेत आभाळाचं प्रतिबिंब होतं, ते वेगळंच सरकत होतं. त्यामुळे टेम्पोच्या जागेचा फ्लो पूर्ण टाकून दिला आणि भोवतालच्या भिंतीचा फ्लो आत ताणून भोक भरलं. पायऱ्यांची कड आणि रस्ता यांना भिंतीपासून वेगळं ठेवलं, नाहीतर ताणताना तिन्हींची गती एकमेकांत मिसळते.

प्रत्येक फ्रेमसाठी सरकणं एकत्र जोडून पिक्सेल थेट मधल्या फ्रेममधून आणले. आदल्या फ्रेमवरून पुढची, तिच्यावरून त्याच्या पुढची, असं केलं असतं तर लाकूड दर पावलाला मऊ पडत गेलं असतं.

फळ्या स्थिर झाल्या, तरी पॅनच्या दोन्ही टोकांना टेम्पोच्या आकाराचा उजळ डाग दिसायला लागला. नेहमीच्या नजरेला नाही, पण व्ह्यूअरचा गॅमा वरखाली केला की लगेच. कारण लेन्सचं व्हिग्नेट: चौकटीच्या मध्याशी उजेड जास्त, कडेला कमी. १९८१ मध्ये हॉर्न आणि शुंक यांनी मांडलेल्या फ्लोच्या गणिताचा पायाच हा आहे की बिंदू हलला तरी त्याचा उजेड तोच राहतो. फ्लो रंग नेतो तो जसाच्या तसा; कडेला गेल्यावर तो मंद व्हायला हवा, हे त्याला ठाऊक नसतं. युनिटने त्याच लेन्सने पांढऱ्या पृष्ठभागाची फ्रेम घेऊन ठेवली होती, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. तिने भागून प्लेट सपाट केली, भरण पुन्हा केलं, आणि शेवटी व्हिग्नेट परत गुणून घातलं. चित्राचा बारीक दाणा, म्हणजे ग्रेन, त्यानंतर घातला.

राहिल्या त्या शेवटच्या फ्रेम, जिथे टेम्पो अर्धा चौकटीबाहेर गेलेला असतो. तिथे भोकाची एक बाजू चौकटीला भिडते, त्या बाजूने फ्लोला आधार मिळत नाही आणि पायरीची कड वाकायला लागते. तेवढ्या भागात फ्लो सोडून दिला आणि भिंतीचा प्लेनर ट्रॅक करून, म्हणजे अख्ख्या भिंतीचा एक सपाट पृष्ठभाग म्हणून माग घेऊन, पॅच त्यावर बसवला. जोड कुठे आहे ते सुपरवायझरांना सांगितलं नाही. त्यांनी शॉट पुढेमागे चालवला, गॅमा चढवून पाहिला, फळ्यांच्या फटी एकेक करून तपासल्या आणि म्हणाले, "पाठवून दे."