मूग की उडीद? फोटोतल्या शेंगांवरून पीक ओळखताना

खरिपाच्या पीक पाहणीत शेतकऱ्यांनी मोबाइलवरून काढलेले फोटो तपासायचं काम मध्यंतरी माझ्याकडे आलं. नोंदवलेलं पीक आणि फोटोतलं पीक एकच आहे का, एवढंच बघायचं. मी परभणी भागातला, घरची शेती, शिक्षणही शेतीचंच. कपाशी आणि सोयाबीनचे फोटो भराभर हातावेगळे झाले. वेळ गेला तो कडधान्यांत, आणि त्यातही सगळ्यात जास्त मूग आणि उडदात.

ही नोंद पुढे सातबाऱ्यावर चढते आणि हमीभावाच्या खरेदी केंद्रावर तीच बघितली जाते. २०२४-२५ च्या खरिपात मुगाचा हमीभाव क्विंटलला ८,६८२ रुपये होता आणि उडदाचा ७,४०० रुपये. घरात उडदाची पोती आणि सातबाऱ्यावर मूग, असं झालं तर माणूस दोन्हीकडून अडकतो. म्हणून ‘साधारण मुगासारखं दिसतंय’ एवढ्यावर फोटो पुढे ढकलायला माझं मन धजत नव्हतं.

आमच्या गावात एक निवृत्त कृषी सहायक आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात. संध्याकाळी मी अडलेले फोटो घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायचो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “पान नंतर बघ. आधी शेंग झाडावर कशी बसलीय ते बघ.”

उभ्या झाडावर हा फरक खरोखर चटकन दिसतो. मुगाच्या शेंगा दांड्याच्या टोकाला झुबक्यानं येतात आणि आडव्या पसरतात किंवा खाली झुकतात. बारीक, गोलसर, लांब शेंग असते, सहा ते दहा सेंटिमीटरची. उडदाची शेंग आखूड, चार ते सहा सेंटिमीटरची, जाडसर, आणि ती वर तोंड करून ताठ उभी राहते. पावसानं झाड कललेलं असेल तर मात्र जमिनीच्या हिशेबानं बघायचं नाही. ज्या दांड्यावर शेंगा आहेत त्याच्या हिशेबानं बघायचं. कललेल्या मुगाच्या शेंगा कधी कधी आभाळाकडे तोंड केलेल्या दिसतात, आणि तसे फोटो उडीद म्हणून नोंदवलेले माझ्यासमोर आले होते.

सोयाबीन यांच्यात मिसळण्याचं खरं तर कारण नाही, पण जवळून काढलेल्या फोटोत ते होतं, कारण तिन्हींची पानं तीन पानांची आणि शेंगांवर लव. तिथं शेंग कुठून निघालीय ते बघितलं की पुरतं. सोयाबीनच्या शेंगा खोडाला लागून, पेरापेराशी असतात, आणि एकेका शेंगेत दोन-तीनच दाणे असतात. मूग-उडदाच्या शेंगा मात्र स्वतंत्र दांड्याच्या टोकाला येतात.

फोटो काढणाऱ्याला झाड नीट दिसावं म्हणून तो एक डहाळी तोडतो आणि हातात धरून फोटो काढतो. त्याची भावना चांगली असते, पण डहाळी तुटली की शेंग उभी होती की झुकलेली, ही खूण गेली. हातात ती उलटीही धरलेली असू शकते. असाच एक फोटो आमच्याकडे बरेच दिवस अडकून पडला होता. नोंद मुगाची. फोटोत एक मूठ, मुठीत डहाळी, तिला पाच-सहा शेंगा, त्यातल्या दोन काळ्या पडलेल्या. शेजारच्या गटाची नोंद उडदाची, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर एकाच शेतातले वाटावेत असे.

रंगावर जाऊ नकोस, हे काकांनी बजावलं होतंच. गावात बऱ्याच जणांना वाटतं की काळी शेंग म्हणजे उडीद. पण बहुतेक मुगाच्या शेंगाही पिकल्यावर काळ्याच होतात. हिरवी शेंग दोन्हींची हिरवी आणि पिकलेली दोन्हींची काळपट. रंगावरून पीक किती पिकलंय ते कळतं, पीक कोणतं ते कळत नाही.

मग लांबी. फोटोत मोजपट्टी नव्हती, पण हात होता. अंगठ्याच्या टोकाच्या पेराशी शेंग ताडून बघितली. माणसाचं हे पेर साधारण तीन सेंटिमीटरचं. शेंगा त्याच्या दुपटीच्या आतबाहेर, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटरच्या भरत होत्या. उडदासारख्या, पण मुगाची कोवळी किंवा नीट न भरलेली शेंगही एवढी असू शकते. म्हणून नुसत्या लांबीवर मी थांबलो नाही.

शेंगेवरचे उंचवटे मोजले. प्रत्येक दाण्याशी शेंग किंचित फुगलेली असते. चांगल्या भरलेल्या मुगाच्या शेंगेत दहा-बारा दाणे सहज असतात, उडदाच्या शेंगेत सहा-सात. या फोटोतल्या सगळ्यात स्वच्छ दिसणाऱ्या शेंगेवर मला सहा उंचवटे दिसले, सातवा टोकाशी अंधुक. आता पारडं उडदाकडे झुकलं.

राहिली लव. उडदाच्या शेंगेवर लांब, दाट केस असतात. मुगाच्या शेंगेवर लव असते, पण आखूड. डोळ्यांना हा फरक शेतात लगेच दिसतो, फोटोत मात्र तो सगळ्यात आधी हरवतो. भर दुपारचं ऊन शेंगेवर पडलं की केसांच्या जागी नुसती चमक येते, आणि फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाताना दबला की उरलेलंही पुसलं जातं. आमच्या फोटोत शेंगेची कड धूसर होती. ती केसांमुळे की फोटो हलल्यामुळे, हे ठरवायला काही मार्ग नव्हता.

म्हणून त्या शेतकरी मावशींना फोन केला. “मावशी, डहाळी तोडू नका. झाड उभं असू द्या, खाली बसून बाजूनं फोटो काढा. सूर्य झाडाच्या पलीकडं येईल असं बसा. आणि एक पूर्ण काळी झालेली शेंग उकलून दाणे तळहातावर घ्या.” शेंग पूर्ण काळी झालेलीच हवी, हे मी दोनदा सांगितलं. कारण कोवळ्या उडदाचे दाणेही हिरवेच असतात. हिरवी शेंग फोडून आतला हिरवा दाणा दाखवला आणि मूग ठरवला, असं सहज होतं.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर रानात गेल्या. फोटो आले ते बघून काकाही खुश झाले. पलीकडून कोवळं ऊन येत होतं आणि प्रत्येक शेंगेच्या कडेला केसांची उजळ किनार उठली होती, एकेक केस दिसावा अशी. शेंगा दांड्यावर ताठ. तळहातावर सहा दाणे, काळे, मंद. उडीदच. मावशींनी सांगितलं की पेरणी मुलानं केली होती आणि नोंद दुसऱ्यानंच कुणी तरी भरून दिली होती. नोंद दुरुस्त झाली. शेजारच्या गटात मात्र उडदाच्या ओळींत मधेमधे मुगाची झाडं निघाली, बियाण्यातच भेसळ होती. अशा वेळी एका झाडाचा कितीही सुंदर फोटो असला तरी शेत कशाचं हे त्यावरून ठरत नाही. उभ्या शेताचा एक लांबून काढलेला फोटो लागतोच.

तुरीनं हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं शिकवली. खरिपाच्या पाहणीच्या वेळी तुरीला शेंगाच नसतात. मूग-उडीद ऑगस्टमध्ये शेंगांवर येतात, तर तूर नोव्हेंबर-डिसेंबरात. शेंगा आल्यावर तूर ओळखणं अवघड नाही. शेंग चपटी, टोकाशी चोचीसारखी निमुळती, आणि दोन दाण्यांच्या मधे तिरपी खाच. कितीतरी वाणांत हिरव्या शेंगेवर जांभळट-तपकिरी रेघा असतात, पण सगळ्यांत नसतात, म्हणून रेघा दिसल्या नाहीत तर घाबरायचं नाही, तिरपी खाच शोधायची. कोवळी शेंग अगदी सपाट असते आणि खाच उमटलेली नसते, तेव्हा पान बघायचं: लांबट, टोकदार तीन पानं, खालून करडी, मऊ लव असलेली.

तुरीची खरी अडचण चौकटीची आहे. आमच्याकडे कपाशीत आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात, धुऱ्यावरही तूर असते. बांधावर उभं राहून फोटो काढला की उंच, शेंगांनी लगडलेली तूर सगळी चौकट व्यापते आणि मागची कपाशी लपते. फोटो तुरीचाच असतो, त्यात खोटं काही नसतं, पण एक हेक्टर तूर ही नोंद त्यावरून करता येत नाही. मी अशा फोटोंत झाडांच्या बुंध्यांमधून मागे बघायला लागलो. खाली ओळींच्या मधे कपाशीची पानं किंवा सोयाबीनचं धसकट दिसलं, की ओळी मोजता येतील असा दुसरा फोटो मागवायचा.

हरभऱ्याचे फोटो जानेवारीत यायला लागले. त्यात पीक ओळखायला अडचण नाही. एका शिरेवर दोन्ही बाजूंना ओळीनं बसलेली बारीक, कातरलेल्या कडांची पानं आणि फुगलेले घाटे असं दुसरं काही आपल्या रानात नसतं. मसुराचं पान लांबून तसं वाटतं, पण मसुराच्या पानाच्या टोकाला बहुधा तणावा असतो, हरभऱ्याला नसतो. विदर्भात धानाच्या बांध्यांत लाखोळी असते, तिची पानं गवतासारखी अरुंद आणि तणावे असलेली. अडचण एवढीच की घाटे पानांखाली लटकतात. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत नुसता हिरवा पसारा येतो. फांदी हातानं बाजूला सारून बाजूनं फोटो काढला तर पेरापेराशी एकेक घाटा खाली मान घातलेला दिसतो.

घाट्यांच्या फोटोवरून पीक किती भरलंय हे मात्र सांगू नये. घाटा आधी पूर्ण फुगतो आणि दाणा त्यात नंतर भरतो. टपोऱ्या घाट्यांचं शेत फोटोत भरलेलं दिसतं आणि घाटा दाबून बघावा तर आत बोटाला पोकळ लागतं, किंवा घाटे अळीनं पाडलेलं गोल छिद्र मागच्या बाजूला असतं. पीक हरभरा आहे, एवढीच माझ्या कामाची हद्द होती आणि ती मी पाळली.

आता कुणी फोटो काढायला विचारलं तर मी तीन मागतो: उभ्या शेताचा एक, शेंगांच्या उंचीवरून बाजूनं घेतलेल्या न तोडलेल्या झाडाचा एक, आणि पिकलेली शेंग उकलून तळहातावर घेतलेल्या दाण्यांचा एक. मूग-उडदाची तोडणी होऊन गेल्यावर आलेले फोटो मात्र मी फोटोवर निकाली काढत नाही. शेंगा गेलेल्या असतात, पानं गळलेली असतात, आणि उरलेली सुकी झाडं दोन्हींची सारखीच दिसतात. तिथं शेतात जाऊन जमिनीवर सांडलेले दाणे आणि राहिलेल्या एखाद-दुसऱ्या शेंगा शोधाव्या लागतात.