जपाच्या काउंटरवर मोजलेली खाज

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आईचे खुब्याचे ऑपरेशन झाले आणि त्यातच कार्यालयात वर्षअखेरचे हिशेब सुरू झाले. त्या सुमारास माझ्या डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा खाजरा चट्टा उठला. मार्चअखेरपर्यंत तो अर्ध्या तळहाताएवढा पसरला; त्यावरची कातडी जाड, काळसर आणि खरखरीत झाली व तिच्यावरच्या रेघा ठळक दिसू लागल्या. गजकर्ण असेल असे समजून औषधांच्या दुकानातून आणलेली ट्यूब मी तीन आठवडे लावली. चार दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी कडेची थोडी साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि बुरशी नसल्याचे सांगितले. हा लायकेन सिम्प्लेक्स, म्हणजे सतत खाजवल्यामुळेच जाड होत गेलेला चट्टा होता. अशा दुकानी ट्यूबमध्ये पुष्कळदा बुरशीनाशकाबरोबर स्टिरॉइडही असते, म्हणून तात्पुरते बरे वाटते. आणि खरोखरच बुरशी असेल तर ती त्याखाली लपून पसरते, हेही मला तेव्हाच कळले.

"ताण असला की खाज वाढते, हे खरे की माझ्या मनाचे खेळ?" असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "खाज खरीच आहे, ताई." ताणाच्या काळात त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांतून बाहेर पडणारी काही रसायने तिथल्या पेशींना डिवचतात, त्वचेचा बाहेरचा थर सावकाश भरून येतो आणि मेंदूही खाजेकडे अधिक लक्ष देऊ लागतो. खाजवल्याने होणारी बारीकशी वेदना खाजेला क्षणभर दाबते, म्हणून सुख वाटते. पण त्या ओरखड्यांनी त्वचा आणखी दुखावते, जाड होते आणि पुन्हा खाजते. म्हणजे ताण केवळ सुरुवात करून देतो, पुढचे चाक आपले हातच फिरवतात.

मलम सुरू करण्यापूर्वी त्यांनी एक आठवडा केवळ मोजायला सांगितले. आईचा बोटात घालायचा जपाचा काउंटर मी घेतला आणि हात घोट्याकडे गेला की एकदा दाबू लागले. पहिल्या दिवशी आकडा 86 झाला. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा मला खाज सुटलेलीच नव्हती. ताळेबंद जुळत नसताना, भावाचा दवाखान्याच्या बिलाबद्दल फोन चालू असताना आणि रात्री मोजे काढल्यावर हात आपोआप तिकडे जात होता. विशेषतः मोजे काढल्यानंतरची पाच मिनिटे मी अक्षरशः मन लावून खाजवत असे, हे आठवडाभर मोजल्याशिवाय मला पटले नसते.

दुसऱ्या आठवड्यापासून हात निघाला, किंवा खाज सुटली, की दोन्ही मुठी घट्ट आवळून 30 पर्यंत सावकाश मोजायचे. तरीही खाज राहिली तर त्या जागी नखाची कड न ओढता नुसती दाबून धरायची, असे ठरले. फोनवर बोलताना मी हातात खोडरबर धरू लागले. मोजे काढण्यापूर्वी फ्रीजमधल्या पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल जवळ ठेवायचा, तो काही मिनिटे घोट्यावर ठेवायचा आणि लगेच मॉइश्चरायझर लावायचे. नखे दर तिसऱ्या दिवशी कापायची. झोपेत हात आवरत नाही, म्हणून रात्री चट्ट्यावर सुती पट्टी बांधायची. झोपेसाठी दिलेल्या गोळीने झोप लागली, पण खाज तिने फारशी कमी केली नाही.

तीव्र स्टिरॉइडचे मलम दिवसातून दोनदा, केवळ चट्ट्यावर आणि बाईंनी सांगितले तितकेच दिवस लावायचे होते. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली रेघ बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. त्या हिशेबाने मला तिचा चतुर्थांशही पुष्कळ होता. जास्त दिवस लावल्यास कातडी पातळ होते, म्हणून पुढे त्यांनीच ते टप्प्याटप्प्याने कमी केले.

तिसऱ्या आठवड्यात आकडा 20 च्या आत आला आणि चट्टा दिसायला जवळजवळ साफ झाला. मी मुठी आवळणे आणि पट्टी दोन्ही सोडली, आणि नेमके तेव्हाच आईच्या जखमेत पू झाला. दोन रात्रींत आकडा 50 वर गेला व कड पुन्हा लाल झाली. बाईंनी बोटाने चिमटीत धरून दाखवले, तर रंग निवळला असला तरी कातडी अजून उजव्या घोट्यापेक्षा जाड लागत होती. म्हणून या वेळी मी डोळ्यांवर विसंबले नाही; दोन्ही घोट्यांची कातडी चिमटीत सारखी लागेपर्यंत, म्हणजे आणखी पाच आठवडे, पट्टी आणि मुठी चालू ठेवल्या. काउंटर आता आईला परत दिला आहे. रात्री मोजे काढताना मात्र रुमाल अजूनही उशाशी असतो.