साडेआठला पानं: रोस्ट चिकन, भात आणि वरण एकाच वेळी

सासरची मंडळी येणार होती, आम्ही धरून सहा पानं. बेत ठरला होता: अख्खी कोंबडी रोस्ट, बासमतीचा भात आणि आंबट वरण. पदार्थ तीनच, पण घरात गॅसच्या दोन शेगड्या आणि एक छोटा ओटीजी. तिन्ही गोष्टी साडेआठला गरम हव्या होत्या. म्हणून आदल्या रात्री कागद घेतला, वर साडेआठ लिहिलं आणि तिथून मागे मागे येत गेले.

आधी ठरवलं कोण किती थांबू शकतं. वरण सगळ्यात सोशिक. शिजवून ठेवलं तरी पुन्हा उकळी आणता येते. भात झाकणाखाली जेमतेम अर्धा तास छान राहतो, नंतर बसतो. बेभरवशाची ती कोंबडी. दीड किलोच्या आसपासचा पक्षी २०० अंशांवर सव्वा तास घेतो म्हणतात, पण छोट्या ओटीजीत दार एकदा उघडलं तरी उष्णता पळते आणि वेळ वाढतो. त्यामुळे वेळापत्रक कोंबडीचं, बाकीच्यांनी तिच्यामागे चालायचं.

तिला रात्रीच मीठ, हळद, आलं-लसूण, तिखट आणि लिंबू चोळून फ्रिजमध्ये ठेवलं. दही मुद्दाम टाळलं, कारण त्यानं कातडी ओली राहते, कुरकुरीत होत नाही. पावणेसहाला बाहेर काढली, सव्वासहाला ओटीजी तापवायला लावला, वरून तेलाचा हात फिरवून ६:३५ ला आत सरकवली. हिशेबानं ७:५० ला बाहेर यायची. म्हणजे साडेआठपर्यंत चाळीस मिनिटं हातात. त्यातली वीस तिच्या विश्रांतीची, उरलेली उशिरासाठी.

कोंबडी आत गेल्यावर वरणाकडे वळले. अर्धा तास भिजलेली दीड वाटी तूरडाळ, हळद, हिंग आणि थोडं तेल. तेलानं फेस कमी येतो, शिट्टीत डाळ अडकत नाही. चार शिट्ट्या काढून गॅस बंद केला आणि कुकर आपोआप पडू दिला. घाईत पाण्याखाली धरला तर डाळीचे दाणे कधीकधी टणक राहतात, कारण वाफ जिरेपर्यंतही ती आत शिजत असते. चिंच आणि गूळ डाळ घोटल्यावरच घातलं, आंबट आधी पडलं की डाळ शिजायला हटून बसते. सव्वासातला वरण तयार होतं, फक्त फोडणी राखून ठेवली. त्याच वेळी दोन वाट्या तांदूळ धुऊन भिजत घातले.

पावणेआठला थर्मामीटरची सुई मांडीच्या सर्वांत जाड भागात घातली, हाडाला लागू न देता, कारण हाडाला टेकली की आकडा खोटा येतो. ६३ अंश! हवे होते ७४. वर मात्र कातडी छान तांबूस झाली होती, नुसत्या रंगावर गेले असते तर त्याच क्षणी बाहेर काढली असती. वर फॉइल टाकून पुन्हा आत ठेवली. तांदूळ निथळून ठेवले, पण गॅस पेटवला नाही. माझ्या कागदावर भातासमोर वेळ लिहिलेलीच नव्हती, लिहिलं होतं 'कोंबडी बाहेर आली की'.

आठला आकडा ७४ झाला. कोंबडी ताटात काढली, फॉइल सैल पांघरली (घट्ट बांधली की आतल्या वाफेनं कातडी मऊ पडते) आणि लगेच सव्वातीन वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तूप घालून भात चढवला. उकळी येताच झाकण आणि बारीक आच. सव्वाआठला गॅस बंद, मग दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. तेवढ्यात तळाशी राहिलेलं पाणी शितं ओढून घेतात आणि भात मोकळा होतो. कोंबडीलाही तीच पंचवीस मिनिटं मिळाली. गरम गरम कापली की रस पाटावर वाहून जातो, थोडी निवली की बराचसा मांसातच राहतो.

वरण दाटलं होतं, म्हणून कढत पाणी घालून उकळी आणली. ८:२५ ला कोंबडी कापायला घेतली: आधी मांड्या सांध्यातून सोडवल्या, मग छातीचे काप. सांध्यापाशी गुलाबी रस दिसला नाही. मंडळी हात धुवून बसेपर्यंत फोडणीचं पातेलं हाती घेतलं नाही. तूप, मोहरी, जिरं, सुक्या मिरच्या, कढीपत्ता, ठेचलेला लसूण. लसणाला रंग येताच चर्र करून वरणावर ओतली आणि पानं वाढायला घेतली.