सा. न. वि. वि. खोडल्यावर

बाईंनी सांगायला हरकत नाही म्हटलं, म्हणून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझी समुपदेशनाची खोली आहे. गेल्या श्रावणात एका डॉक्टरांनी पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई माझ्याकडे पाठवल्या. छातीवर दडपण येतं म्हणून त्यांची पट्टी काढली होती, रक्त तपासलं होतं, सगळं ठीक होतं. "छातीवर पाटा ठेवल्यागत वाटतंय मॅडम. रात्री तीनला डोळं उघडतात ते उघडंच." बोलताना त्यांचा जबडा इतका आवळलेला होता की कानाजवळची शीर दिसत होती.

दुसऱ्या भेटीत भाऊ निघाला. वडील गेल्यावर कागलकडच्या जमिनीचं हक्कसोडपत्र त्यांनी थोरल्या भावाच्या नावे करून दिलं होतं. मुलींना मुलाइतका वाटा आहे हे त्यांना माहीत होतं, तरी सही केली. पुढे आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा भावानं कळवलं नाही. तीन दिवसांनी शेजारणीचा फोन आला, आणि या पोचल्या तेव्हा तिरडी बांधून झाली होती. "त्याला मी काय बोललो न्हाई. थोरल्या भावावर रागवायचं असतंय का?"

अशा वेळी, ज्याच्यावर राग आहे त्याला एक न पाठवायचं पत्र लिहा, असं मी सुचवते. पण त्याआधी काही गोष्टी पाहते. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारते. घटना अगदी ताजी असेल तर थांबते, कारण उघड्या जखमेवर लिहायला लावलं तर माणूस त्यातच अडकतो. आई जाऊन इथे दोन वर्षं झाली होती. आणि लिहायचं ते कागदावरच. एका बाईंनी पूर्वी असं पत्र मोबाइलवर टाइप केलं आणि रात्री दीडला पाठवूनही टाकलं. त्यातून जे झालं ते निस्तरायला आम्हा दोघींना वर्ष लागलं.

पद्धत साधी आहे. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत वाईट घटनेबद्दल लिहायला लावलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं असं दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन लिहून झाल्याझाल्या उलट जास्त खिन्न झालं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांना दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. म्हणून मी आधीच सांगते, "आज घरी जाताना जास्त जड वाटेल. ते बिघडल्याचं लक्षण नाही." बाईंच्या घरी निवांत जागा नव्हती. त्यांनी माझ्याच खोलीत लिहायचं, मी बाहेर बसायचं असं ठरलं. पेन थांबवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, सुचलं नाही तर शेवटची ओळ पुन्हा लिहायची. कागद मी मागणार नाही, त्यांना दाखवावासा वाटला तरच बघेन.

पहिल्या दिवशी त्यांनी आपणहून कागद पुढे केला. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'ती. दादास, सा. न. वि. वि.' खाली 'आपण मला कळविले असते तर बरे झाले असते', 'मला वाईट वाटले', 'मी दुःखी झाले' अशी शाळेच्या वहीतली वाक्यं. पंधरा मिनिटांत सात ओळी. साष्टांग नमस्कार घालून झाल्यावर राग कुठल्या तोंडानं काढायचा? आणि ज्या बाई दिवसभर 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्यांच्या पत्रात 'मी झाले' आलं होतं. ते पत्र त्यांच्या तोंडचं नव्हतंच.

मी म्हटलं, "उद्या मायना नको. लहानपणी भांडताना त्याला काय म्हणायचात?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "भाड्या."

दुसऱ्या दिवशी पान भरलं, पण निव्वळ तळतळाटानं. तुझं वाटोळं होवो, तुझ्या दारात कुत्रं रडो. पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर अक्षरं उमटली होती. मोकळं वाटलं का विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई, हात थरथरतोय." त्या रात्री त्यांना अजिबात झोप लागली नाही. चूक माझी होती. राग नुसता ओकून टाकला की ओसरतो हा समज खरा नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर आणून पोत्यावर ठोसे मारणारे लोक जास्तच चिडले होते. पत्रातही तेच होतं. एकच शिवी फिरून फिरून येते, नवीन प्रसंग येत नाही, 'का' येत नाही. असं दोन-तीन दिवस चाललं तर मी लिहिणं बंद करते. बाईंच्या बाबतीत मी आणखी एकच दिवस घ्यायचं ठरवलं, पण लिहायचं काय ते बदललं. सगळा भाऊ नको, एकच दिवस लिहा. हातात काय होतं, कुठे उभ्या होतात.

तिसऱ्या दिवशी त्या वीस मिनिटं वाकून लिहीत होत्या. दारातून बघितलं तर डाव्या हातानं पदर तोंडावर धरलेला, उजवा हात चालू. तो कागद त्यांनी मला वाचून दाखवला. दुय्यम निबंधक कार्यालयातला दिवस होता. अंगठ्याची शाई पुसायला भावानं स्वतःचा रुमाल दिला, बाहेर चहा पाजला, हिरवं लुगडं घेतलं आणि एसटीत बसवताना खिडकीशी उभा राहिला. 'तू खिडकीशी उभा होतास म्हणून मला वाटलं माहेर ऱ्हायलं. मी सही केलो कारण माहेर तुटू नये. जमीन गेली तर जाऊदे. पण आईचं सांगितलं असतंस तर रातोरात चालत आलो असतो.'

'केलो' आणि 'कारण' हे दोन शब्द ऐकले आणि मी पाठ टेकली. पत्र त्यांच्या बोलीत उतरलं होतं. आणि पेनेबेकर यांना पुढच्या अभ्यासांत आढळलं होतं की दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात 'कारण', 'लक्षात आलं' असे शब्द वाढतात, त्यांना लिहिण्याचा अधिक फायदा होतो. आदल्या दिवशीच्या पानात असा एकही शब्द नव्हता.

त्यांनी विचारलं, "हे वकिलाला दाखवू का?" मी नको म्हटलं. जमिनीबद्दल विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण तो कागद वेगळा. वकील वाचणार म्हटलं की माणूस पुरावा लिहायला लागतो, आणि चहाचा कप, रुमाल सगळं गळून जातं.

चौथ्या दिवशी गजर व्हायच्या आधीच त्यांनी पेन ठेवलं. अकरा मिनिटं झाली होती. तो कागद त्यांनी दाखवला नाही, मी विचारलंही नाही. चारही कागद पंचगंगेत सोडायचं त्यांच्या मनात होतं. नदीत कागद कशाला, म्हणून इथेच फाडू या म्हटलं. आधी उभे, मग आडवे, मग नखाएवढे तुकडे. तिसऱ्या दिवसाच्या कागदाशी त्या जरा थांबल्या आणि तोही फाडला. मायन्याचा मात्र अख्खाच चुरगळून टोपलीत टाकला.

महिन्यानं आल्या तेव्हा पाच-साडेपाच तास झोप लागत होती. पाटा अधूनमधून येतो म्हणाल्या. जबडा अजून आवळलेलाच होता, त्यासाठी दंतवैद्याकडेही पाठवलं. भावाशी बोलणं झालेलं नव्हतं. तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. उठताना पिशवी खांद्याला लावली आणि दारातून म्हणाल्या, "येतो मॅडम."