आजीचं हसू आणि त्या माणसाची सावली

साताऱ्यात आमचं फोटोचं छोटं दुकान आहे, पासपोर्ट, लग्नाचे अल्बम आणि जुने फोटो दुरुस्त करणं अशी कामं असतात. मागच्या महिन्यात एक ताई आल्या, सोबत त्यांची आई. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम काढली आणि म्हणाल्या, दादा, यातला एक माणूस काढायचाय.

फोटो २०१३ चा, वाईच्या त्यांच्या वाड्यासमोर काढलेला. मधे खुर्चीत आजी, हिरवं इरकल नऊवारी नेसलेली, पंचाहत्तरीचा दिवस होता. मागे पायरीवर डावीकडे या ताई, उजवीकडे त्यांचा तेव्हाचा नवरा, त्याच्या पलीकडे भाऊ. घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती. आजी त्या फोटोनंतर दोन महिन्यांत गेल्या, त्यांचा असा मोकळा हसणारा दुसरा फोटोच नाही, आणि आता तो हॉलमध्ये लावायचाय पण रोज त्या माणसाकडे बघवत नाही. मी कारण विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

फाईल नव्हती, फोटोग्राफरची हार्डडिस्क गेलेली, म्हणजे जे आहे ते हे ८ बाय १२ चं प्रिंट. त्यात सिल्क फिनिश. ज्यांनी असं प्रिंट स्कॅन केलंय त्यांना माहितीय, कागदावरचे ते बारीक उंचवटे स्कॅनरच्या उजेडात चमकतात आणि सगळ्या चेहऱ्यांवर पांढरे ठिपके येतात. मी अशा वेळी ६०० डीपीआयला एकदा सरळ स्कॅन करतो, मग प्रिंट उलटं फिरवून परत एकदा, आणि दुसरी इमेज सरळ करून पहिलीवर तंतोतंत बसवून ५० टक्के ऑपॅसिटी ठेवतो, म्हणजे वरची अर्धी पारदर्शक. एकात उजेड एका बाजूने पडलेला असतो, दुसऱ्यात विरुद्ध बाजूने, त्यामुळे ठिपके बरेच मरतात. उरतात ते हाताने काढायचे, आणि हे आधीच करायचं, कारण नंतर क्लोन केलं, म्हणजे एका जागचा तुकडा उचलून दुसरीकडे उमटवला, की ठिपकेही सोबत क्लोन होतात.

माणूस पुसणं अवघड नाही हो, त्याच्या मागे काय होतं ते बांधणं अवघड. त्याच्या मागे वाड्याचं दार होतं, दोन कवाडांचं, उजवं कवाड जवळजवळ पूर्ण झाकलेलं. फोटोशॉपचं रिकामी जागा आपोआप भरणारं कंटेंट-अवेअर फिल मारून बघितलं तर लाकडात मधेच दगड आले. मग सरळ विचार केला की डावं कवाड दिसतंय तर तेच कॉपी करून फ्लिप करू. केलं, बसलंही छान, पण बघितलं की काहीतरी खटकतंय. दहा मिनिटांनी लक्षात आलं, ऊन उजवीकडून आहे, त्यामुळे दारावरच्या प्रत्येक पितळी फुलीची सावली डावीकडे पडलीय, आणि माझ्या फ्लिप केलेल्या कवाडावर ती उजवीकडे. एकाच दारावर दोन सूर्य! म्हणून फ्लिप फक्त चौकटीच्या उभ्या रेषांसाठी ठेवला, आणि फुल्या एकेक उचलून, न फिरवता, जागच्या जागी बसवल्या. वरच्या झेंडूच्या तोरणात दुसरी अडचण, थोडा भाग क्लोन केला की तेच अर्धवट सुकलेलं फूल दोनदा दिसतं आणि डोळा नेमका तिथेच जातो. असं काही राहिलंय का बघायला मी पूर्ण इमेज आडवी फ्लिप करून छोटी करून बघतो, सवयीचं चित्र उलटं झालं की चूक लगेच दिसते.

त्याचा हात आजींच्या खुर्चीवर होता, दोन बोटं त्यांच्या खांद्यावरच्या पदरावर. बोटं काढली की इरकलीचा लाल काठ मधेच तुटला. तिथे हीलिंग ब्रश चालत नाही, तो रंग मिसळून काठ पसरवून टाकतो. काठाचाच थोडा खालचा तुकडा घेतला आणि वॉर्प करून खांद्याच्या गोलाईवर वाकवला, काठातल्या पांढऱ्या रेघा दोन्ही टोकांना जुळेपर्यंत. बोटभर जागेला दीड तास गेला.

मग सावली. तो पायरीवर उभा, ऊन उजवीकडून, त्यामुळे त्याची सावली ताईंच्या बाहीवर आणि अर्ध्या गालावर. ती नुसती उजळली की त्वचा राखेसारखी दिसते, कारण सावलीत फक्त आभाळाचा निळसर उजेड असतो, संध्याकाळच्या उन्हाचा पिवळेपणा नसतो. म्हणून कर्व्हजच्या लेयरने उजेड वाढवला, निळा कमी केला, लाल थोडा वाढवला. आणि हा बदल फक्त सावलीपुरता ठेवणाऱ्या मास्कची कड सावलीच्या कडेइतकीच मऊ ठेवली, नाहीतर उजळ भागाभोवती काळी रेघ उरते. हे सगळं वेगळ्या लेयरवर, खालच्या मूळ स्कॅनला हात न लावता.

दोन दिवसांनी ताई आणि आई परत आल्या, स्क्रीनवर दाखवलं. ताई खूष. त्यांची आई मात्र काही बोलेनात, खुर्ची पुढे ओढून बघत बसल्या, आणि मग म्हणाल्या, "आई अशी दाराकडे बघून का हसतेय?"

मी दोन दिवस त्या फोटोत होतो, प्रत्येक पिक्सेल बघितलेला, आणि हे मला दिसलं नव्हतं. आजी मान वळवून वर त्या माणसाकडे बघत होत्या. तो काहीतरी बोलला असणार आणि त्या हसल्या. तो काढला आणि आता त्या रिकाम्या कवाडाकडे बघून हसत होत्या. ज्या हसण्यासाठी हा फोटो जपला होता तेच विचित्र वाटत होतं, आणि नजर काही क्लोन स्टॅम्पने फिरवता येत नाही. डोळे बदलले तर त्या आजी राहत नाहीत, ते मी करणारच नव्हतो आणि तसं सांगितलंही.

थोड्या वेळाने मी विचारलं, भाऊ आत घेतला तर चालेल का? भाऊ त्याच पायरीवर, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर उभा होता, म्हणजे लहानमोठा न करता सरळ डावीकडे सरकवता येणार होता. मी स्पष्ट बोललो की त्या दिवशी आजी यांच्याकडे बघत नव्हत्या, हे आपण बनवतोय. ताईंनी आईकडे बघितलं. आई म्हणाल्या, नातवाकडे बघून तर ती रोजच हसायची.

भाऊ कापून सरकवला, उजवीकडे मोकळा पडलेला भाग क्रॉप केला, फ्रेम नाहीतरी ८ बाय १० ची घ्यायची होती. मी बांधलेलं कवाड अर्धं त्याच्यामागे गेलं, जाऊदे. पण आता ताईंची बाही खोटी दिसायला लागली. उन्हाच्या आणि त्यांच्या मधे आता भाऊ उभा, आणि बाहीवर लख्ख ऊन कसं? सावली हवीच होती. मी कर्व्हजचा लेयर बंद केला, ती जुनी सावली जशीच्या तशी परत आली. भाऊ त्या माणसापेक्षा थोडा बुटका, म्हणून गालावरची तेवढी पुसलेली ठेवली, बाहीवरची राहू दिली.

ताईंनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "दादा, ही सावली राहिली ना?"

म्हटलं, राहिली नाही, ठेवलीय, आता ती तुमच्या भावाची आहे. त्या बराच वेळ त्या बाहीकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, असूदे.

प्रिंट मॅटवर काढलं, सिल्क नको म्हणून मीच सांगितलं. मूळ स्कॅन पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये दिला, त्यांना मुलगी आहे, आठ वर्षांची, आणि त्यात तिचा बाबा आहे.